इनामगावचा मृत माणूस आणि पाच ‘कदाचित’

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. शंभराहून अधिक घरं उघडकीला आली. ताम्रपाषाणयुगातल्या महाराष्ट्राबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या एका गावामुळे ठाऊक आहे.

इनामगावात मृतांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांना दोन घटांत ठेवून त्या घटांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि ते खड्ड्यात आडवे ठेवत. मोठ्या माणसाला खड्ड्यात उत्तर-दक्षिण निजवत. पण मोठ्यांच्या या दफनांमध्ये घोट्याखालचा भाग नसतो, पावलं नसतात. आणि मग एक दफन असं सापडतं की ज्यात हे सगळंच वेगळं आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा एक रांजण पुरलेला होता. त्यात सुमारे चाळिशीचा पुरुष बसलेल्या स्थितीत होता आणि त्याची पावलं शाबूत होती.

वाचकाच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. पावलं का तोडली? या एकाचीच का नाही तोडली? हा कोण होता? उत्तर देणाऱ्याला माहीत असतं की तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मनातलं आपण खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून तो सावधपणे लिहितो. ही सावधगिरी पुष्कळदा कशी दिसते, ते दाखवण्यासाठी खालचा परिच्छेद मी या लेखापुरता रचला आहे. तो कोणत्याही अहवालातला नाही, पण या धाटणीचे परिच्छेद प्रबंधांत, स्मरणिकांत आणि संग्रहालयांतल्या फलकांवर भरपूर भेटतात.

“इनामगावचे लोक कदाचित आपल्या मृतांना घरातच पुरत असावेत. प्रौढांची पावले बहुधा घोट्यापासून तोडली जात असावीत. मृताचे भूत भटकू नये म्हणून कदाचित असे केले जात असावे. चार पायांच्या रांजणातील पुरुष बहुधा गावाचा प्रमुख असावा, कारण त्याची पावले शाबूत आहेत. त्याचे प्रमुखपद वंशपरंपरागत असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.”

पाच वाक्यं आणि पाचही वाक्यांवर शंकेचा सारखाच शिडकावा. वरवर पाहता हे प्रामाणिक लेखन वाटतं. माझं म्हणणं असं की ते प्रामाणिक नाही, आणि त्याचं कारण या पाच वाक्यांमागचा पुरावा सारखा नाही हे आहे. पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतं. पाचव्यामागे जवळजवळ काहीच नाही. दोघांनाही एकाच सुरात मांडल्यामुळे वाचकाला यातलं काय पक्कं आणि काय पोकळ, हे कळायला मार्गच राहत नाही. तो एकतर सगळ्यावर विश्वास ठेवतो किंवा सगळंच सोडून देतो.

हा परिच्छेद सुधारायचा तर आधी ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असावे’ हे सगळे शब्द पेन्सिलीने खोडायचे. उरलेलं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहायचं आणि समोर एकच गोष्ट नोंदवायची: हे कशावरून? उत्तर म्हणून खोदलेली, मोजलेली, चित्रात उतरवलेली गोष्ट लिहायची. ‘असं मानलं जातं’ हे उत्तर चालत नाही. मग त्या उत्तराला पेलवेल असं क्रियापद निवडायचं.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. मृतांना घरात पुरत, हे कशावरून? खड्डे घरांच्या जमिनीतून खणलेले आहेत. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा दिसलं आहे. इथे शंकेला जागाच नाही. जिथे खात्री आहे तिथे ‘कदाचित’ लिहिणं हीसुद्धा चूकच आहे, कारण त्याने पुढच्या खऱ्या ‘कदाचित’ची किंमत जाते. अर्थात एक बारकावा तपासावा लागतो. खड्डा खणला तेव्हा त्या घरात माणसं राहत होती, की घर पडल्यावर त्या जागी दफन झालं? हे थरावरून कळतं. खड्ड्याच्या तोंडावर त्याच घराची पुन्हा सारवलेली जमीन अखंड असेल, तर दफनानंतरही घर वापरात होतं. खड्डा पडझडीच्या मातीतून खाली उतरला असेल, तर घर आधीच ओस पडलं होतं. ज्या दफनांची अशी नोंद आहे त्यांच्यापुरतं ‘राहत्या घरात’ म्हणता येतं, आणि बाकीच्यांना ‘घराच्या जमिनीखाली’ एवढंच म्हणणं बरोबर ठरतं.

दुसरं वाक्य पावलांचं, आणि इथे थोडं थांबायला हवं. पावलं नाहीत हे निरीक्षण आहे. पावलं तोडली हा त्यावरून काढलेला अर्थ आहे. या दोहोंमध्ये एक पायरी आहे आणि ती लिहून ओलांडावी लागते. पावलं नसण्याची कारणं अनेक असू शकतात. हाडं कुजून गेली असतील, उंदीर-घुशींनी किंवा नंतरच्या खड्ड्याने ती हलवली असतील, किंवा उत्खननात बारीक हाडं निसटली असतील. यातलं काय घडलं, ते कसं ओळखायचं?

माणसाच्या एका पावलात सव्वीस हाडं असतात आणि एका हातात मनगटापासून सत्तावीस. बोटांची हाडं दोन्हीकडे लहान आणि नाजूक. टाचेचं हाड मात्र दणकट असतं. एकाच खड्ड्यात हाताच्या बोटांची नाजूक हाडं टिकली असतील आणि टाचेचं हाड नसेल, तर कुजण्याचं कारण टिकत नाही. नंतरच्या खड्ड्याने भाग कापला असेल, तर त्या खड्ड्याची कड मातीच्या रंगात दिसते. आणि असा अपघात प्रत्येक दफनात नेमका घोट्यावरच होणार नाही. मूळ खड्डाच घोट्यापाशी संपत असेल, तर पावलं आत ठेवलीच नव्हती हे जवळपास सिद्ध होतं. शेवटची खूण म्हणजे नडगीच्या खालच्या टोकावरचे कापल्याचे व्रण. ते असतील तर प्रश्नच मिटतो.

आता शब्दांकडे येऊ. हाडांच्या नोंदीत कापल्याचे व्रण असतील, तर ‘पावले घोट्यापासून तोडली आहेत’ असं सरळ लिहावं. व्रणांची नोंद नसेल, पण तोच भाग अनेक दफनांत सारखाच नसेल, तर वाक्य वेगळं होतं: ‘घोट्याखालचा भाग या दफनांत वारंवार आढळत नाही; हा नेमकेपणा पाहता तो पुरण्यापूर्वी मुद्दाम वेगळा केला असे मानणे सर्वांत सयुक्तिक आहे.’ आणि असं एकच दफन असतं, तर ‘पावलांची हाडे आढळली नाहीत’ एवढंच लिहून पूर्णविराम द्यावा लागला असता. तीन परिस्थिती, तीन वाक्यं. ‘बहुधा तोडली जात असावीत’ हे एकच वाक्य या तिन्ही ठिकाणी सारखंच बसतं, म्हणून ते कुठल्याच ठिकाणी उपयोगाचं नाही.

तिसऱ्या वाक्यात आपण जमिनीवरून उचलले जातो. भूत भटकू नये म्हणून पावलं तोडली, हे स्पष्टीकरण इनामगावच्या संदर्भात खूप प्रसिद्ध आहे. शालेय टिपणांतसुद्धा ते येतं. पण त्याचा पुरावा इनामगावच्या मातीत नाही. मेलेला माणूस परत येईल ही भीती, आणि त्याला बांधून ठेवण्याचे उपाय, हे नंतरच्या अनेक समाजांतून नोंदवलेले आहेत. तिथून ही कल्पना उचलून इनामगावला लावली आहे. पुरातत्त्वात असं करणं गैर नाही. अशा साधर्म्याशिवाय दगड-मातीला अर्थ देताच येत नाही. फक्त ती कुठून आणली ते वाक्यात दिसलं पाहिजे.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये याबद्दल एक सुटसुटीत मांडणी केली होती. अवशेषांवरून तंत्र ओळखणं सर्वांत सोपं, उपजीविका ओळखणं त्याहून थोडं अवघड, समाजरचना ओळखणं बरंच अवघड आणि श्रद्धा ओळखणं सर्वांत अवघड. पुढच्या पिढ्यांनी या मांडणीवर हरकती घेतल्या आणि त्यातल्या काही योग्यही आहेत, पण संपादन करताना ती अजून कामाला येते. आपल्या परिच्छेदात पाहा. दफनाची जागा आणि पद्धत ही खालची पायरी, गावाचा प्रमुख ही त्याच्या बरीच वरची आणि भूताची भीती सर्वांत वरची. लेखक मात्र एकाच चालीने सगळ्या पायऱ्या चढून गेला आहे.

भूताच्या वाक्याची आणखी एक परीक्षा घ्यावी. हाच पुरावा दुसऱ्या कोणत्या कारणाशी तितकाच जुळतो? मृताने घरातच राहावं, घराचं रक्षण करावं, म्हणून त्याला जायला पाय ठेवले नाहीत, असंही म्हणता येईल. त्याला तर घराच्या जमिनीखालीच ठेवलं आहे! म्हणजे एकाच खड्ड्यातून भीतीही काढता येते आणि मायाही काढता येते. दोन्ही अर्थ जुळत असतील, तर त्यातला एक निवडून त्याच्यापुढे ‘कदाचित’ लावल्याने वाचकाची फसगत होते, कारण दुसरा अर्थ त्याला दिसतच नाही. अनिश्चितता दाखवायची तर दुसरा अर्थ त्याच्यासमोर ठेवला पाहिजे.

चौथ्या वाक्यातली गडबड आणखी खोल आहे. ‘तो प्रमुख असावा, कारण त्याची पावले शाबूत आहेत.’ मग पावलं शाबूत का? कारण तो प्रमुख होता. तर्क स्वतःभोवतीच फिरतो आहे, आणि ‘बहुधा’ या शब्दाने ते झाकलं आहे. हा शब्द काढला की फट लगेच दिसते. हे खोडण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं ते याच कारणासाठी. शंकेचे शब्द गेले की वाक्याचा सांगाडा उघडा पडतो आणि त्यात कुठे हाड नाही, ते समजतं.

प्रमुखाच्या तर्कामागे खरं काय आहे? मोठं, पाच खोल्यांचं घर. दुसऱ्या कुणालाही सहसा न मिळालेला रांजणाचा प्रकार. बसलेली स्थिती. शाबूत पावलं. या गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र येणं हा योगायोग नसणार. म्हणून ‘या माणसाला मृत्यूनंतर वेगळी वागणूक मिळाली’ हे विधान ठामपणे करता येतं, त्यात ‘बहुधा’ची गरज नाही. त्या वेगळ्या वागणुकीचं कारण सत्ता होती, की विधी करणाऱ्याचा मान होता, की त्याच्या मरणाची काही खास तऱ्हा होती, हा पुढचा प्रश्न. घराच्या आकारामुळे पहिल्या शक्यतेला थोडं झुकतं माप मिळतं, आणि ते का मिळतं हे वाक्यातच सांगता येतं.

इथे अनेकांना धान्यकोठार आठवेल. इनामगावात पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्य साठवण्याची वास्तू सापडली आणि गावाचं धान्य प्रमुखाच्या ताब्यात असे, या मांडणीला तिचा मोठा आधार आहे. पण ती वास्तू पूर्व जोर्वे काळातली, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० मधली. रांजणातल्या माणसाशी तिला जोडण्याआधी दोन्हींचा थर तपासावा लागतो. इनामगाव नऊशे वर्षं नांदलं. त्यातल्या दोन वेगळ्या शतकांतल्या गोष्टी एका वाक्यात शेजारी बसवल्या, की वाचकाला त्या एका माणसाच्या आयुष्यातल्या वाटतात. असं वाक्य खोटं नसतं, तरी दिशाभूल करतं.

पाचव्या वाक्याबद्दल फार बोलायला नको. एका दफनावरून वंशपरंपरा कळत नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द लिहिले गेले, की लेखकाकडे पुरावा नाही असं समजावं. कुठलीच शक्यता नाकारता येत नसते.

हे सगळं लक्षात घेऊन परिच्छेद पुन्हा लिहिला, तर तो साधारण असा होईल:

“इनामगावात मृतांना घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात पुरत. मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन घटांत, प्रौढांना खड्ड्यात उत्तर-दक्षिण निजवून. प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचा भाग वारंवार आढळत नाही. हा नेमकेपणा पाहता तो पुरण्यापूर्वी मुद्दाम वेगळा केला असे आम्ही मानतो. त्यामागचा हेतू दफनांतून कळत नाही. मृताने परत येऊन त्रास देऊ नये, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण नंतरच्या समाजांतील समजुतींवर आधारलेले आहे. मृताने घर सोडून जाऊ नये, हे दुसरे स्पष्टीकरणही याच पुराव्याशी तितकेच जुळते. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणातील दफन या रीतीला अपवाद आहे. तेथे सुमारे चाळिशीचा पुरुष चार पायांच्या कच्च्या रांजणात बसलेल्या स्थितीत असून त्याची पावले शाबूत आहेत. त्याला मुद्दाम वेगळी वागणूक दिली गेली. घर मोठे असल्याने तो गावातील वजनदार व्यक्ती होता, या अर्थाला आधार मिळतो. ते वजन सत्तेचे होते की धार्मिक मानाचे, हे ठरवणारी वस्तू दफनात नाही.”

या परिच्छेदात ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असावा’ यांतलं काहीही नाही. तरीही तो पहिल्यापेक्षा जास्त सावध आहे. ‘पुरत’ हे निरीक्षणाचं क्रियापद, ‘असे आम्ही मानतो’ यात अर्थ लावणारा माणूस पुढे येतो, ‘आधारलेले आहे’ यातून कल्पनेचा उगम कळतो, ‘आधार मिळतो’ यात कल आहे पण निकाल नाही, आणि ‘कळत नाही’ तिथे पुरावा संपतो. वाचकाला पायरी बदलल्याचं प्रत्येक वेळी समजतं. उद्या कुणी हाडांवरचे व्रण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि निष्कर्ष बदलला, तर नेमकं कोणतं वाक्य बदलायचं तेही ठाऊक असेल. पहिल्या परिच्छेदात नवा पुरावा कुठे बसवायचा, हेच कळलं नसतं.

कुणी विचारेल की मग हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीसारखं का करू नये? तिथे शंकेच्या शब्दांना आकडे जोडलेले असतात, ‘शक्य’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘अतिशय शक्य’ म्हणजे किमान ९० टक्के. जिथे मोजमापांच्या लांबलचक मालिका आहेत तिथे ते उत्तम चालतं. पुरातत्त्वातही कार्बन कालमापनाच्या तारखा अशाच संभाव्यतेसह देतात आणि द्याव्यातच. पण भूताच्या भीतीला किती टक्के द्यायचे? असा आकडा दिला तर तो नुसता दिखाऊ नेमकेपणा होईल. ज्याला आकडा नाही, त्याच्या बाबतीत पुरावाच वाक्यात आणून ठेवणं हा एक मार्ग उरतो.

याचा आणखी एक फायदा छापखान्यात दिसतो. पुरातत्त्वाची बातमी होते तेव्हा मथळ्यात सर्वांत आधी ‘कदाचित’ गळतो. ‘बहुधा गावाचा प्रमुख असावा’ याचं दुसऱ्या दिवशी ‘गावाच्या प्रमुखाचा सांगाडा’ होतं. वार्ताहराने खोटं लिहिलेलं नसतं, त्याने जागेसाठी एक शब्द कापलेला असतो. ‘ते वजन सत्तेचे होते की धार्मिक मानाचे, हे ठरवणारी वस्तू दफनात नाही’ या वाक्यातून शंका कापायला गेलं तर वाक्यच उरत नाही.

अडचणीही आहेत. दुसरा परिच्छेद पहिल्याच्या दुपटीहून मोठा झाला आहे. संग्रहालयाच्या फलकावर एवढी जागा नसते आणि फलकापुढे उभा माणूस एवढा वेळ थांबत नाही. असं छाटावं लागलं, की बहुतेक वेळा दफनांची वर्णनं जातात आणि भूत व प्रमुख राहतात, कारण लोकांना ते आवडतात. मी उलट छाटेन. आधी वंशपरंपरा जाईल, ती नव्या परिच्छेदात आणलेलीच नाही. मग जागा कमी पडली तर हेतूची दोन्ही स्पष्टीकरणं एकत्रच जातील. त्यातलं एक ठेवून दुसरं कापायचं नाही. उरतं ते एवढं: घरातली दफनं, नसलेली पावलं, आणि पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, कच्च्या रांजणात बसलेला, पावलं शाबूत असलेला एक माणूस. फलकापुढच्या मुलीला तो कोण होता असा प्रश्न एवढ्यावरूनही पडेल, आणि तिच्या मनात येणारं उत्तर तिचं स्वतःचं असेल.